नत्र पुरेपूर होतं

सोनपेठच्या दवाखान्यातला डॉक्टर माझ्या प्रयोगशाळेत आला, तेव्हा त्याने नमस्कारही केला नाही. पिशवीतून गोळ्यांच्या दोन बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या आणि म्हणाला, "या एकाच औषधाच्या आहेत का, एवढं मला सांग."

आम्ही दोघे हैदराबादेत एकाच खोलीत राहून शिकलो. तो वैद्यकीकडे गेला, मी रसायनशास्त्राकडे. आमचं शास्त्राचं पहिलं शिक्षण उर्दूतून झालं. पोलीस ॲक्शननंतर तेच सगळं इंग्रजीतून पुन्हा पाठ करावं लागलं. पुढे राज्यं नव्यानं आखली गेली, आमचा मुलूख मुंबई राज्यात आला, आणि मी परभणीला शेतीचं शिक्षण देणाऱ्या एका कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागलो. माझं काम मुख्यतः मातीचं. शेतकऱ्यांनी आणलेल्या मातीत नत्र किती, स्फुरद किती, ते काढून द्यायचं. औषधांशी माझा काही संबंध नव्हता.

बाटल्यांवर निकोटिनामाइड असं लिहिलं होतं. एकीत तळाशी चार-पाच गोळ्या उरल्या होत्या, दुसरी जवळजवळ भरलेली होती.

"कशासाठी देतोस?" मी विचारलं.

"पेलाग्रा."

मला तो रोग पुस्तकातून ठाऊक होता. डॉक्टरनं तो दर वर्षी पाहिला होता. आपल्याकडची गरीब माणसं बारा महिने ज्वारीच्या भाकरीवर काढतात. सोबतीला मिरचीचा ठेचा, कधी पातळ वरण. हिवाळा सरून ऊन तापायला लागलं की अशा माणसांच्या मानेवर आणि हातांच्या पाठीवर कातडी काळवंडून भाजल्यासारखी होते. तोंड येतं, जुलाब लागतात, आणि मग डोकं फिरतं. घरच्यांना वाटतं बाहेरचं काही लागलं. निकोटिनामाइड, म्हणजे भाकरीतून पुरतं न मिळणारं ब गटातलं जीवनसत्त्व, पोटात गेलं की हाच माणूस दोन-तीन दिवसांत ओळखू येण्यासारखा सुधारतो. डॉक्टर सांगायचा, दुसऱ्या कुठल्याच औषधानं त्याला इतकं देवपण दिलं नव्हतं.

"या वर्षी कुणीच सुधारत नाही," तो म्हणाला. "जुनी बाटली संपत आली, नवीन खोकं उघडलं, आणि तेव्हापासून हे सुरू झालं."

मग त्यानं त्या बाईचं सांगितलं. मेंढरं राखणाऱ्या घरातली, तीन लेकरांची आई. घरात दूध असतं खरं, पण ते विकायला जातं. आणि सगळ्यांत शेवटी जेवणाऱ्या बाईच्या ताटात भाकरीच येते. नवरा तिला घोंगडीत गुंडाळून बैलांच्या खाचरातून घेऊन आला होता. डॉक्टरनं गोळ्या दिल्या, सकाळ-दुपार-संध्याकाळ द्यायला सांगितलं. आठवड्यानं तो परत आला तेव्हा ती जास्त बिघडलेली. कंपाउंडरनं त्याला सगळ्यांसमोर झापलं. म्हणाला, गोळ्या उकिरड्यावर टाकतोस आणि औषधाला नावं ठेवायला येतोस. नवऱ्यानं टोपीतून एक फडकं काढलं, त्यात उरलेल्या गोळ्या होत्या, आणि त्या डॉक्टरपुढे धरून म्हणाला, मोजा.

"मोजल्या?"

"मोजल्या. बरोबर होत्या." डॉक्टर खिडकीबाहेर बघत होता. "त्याआधी मीपण त्याच्यावरच संशय घेतला होता."

मी त्याला सांगितलं, यात अवघड काही नाही. निकोटिनामाइड हे आम्लारी आहे. पाण्यात विरघळवायचं, वरून मोजून आम्ल सोडायचं, रंग बदलला की थांबायचं. किती आम्ल लागलं त्यावरून औषध किती ते कळतं. चहा येईपर्यंत उत्तर देतो.

चहा येऊन गार झाला तरी उत्तर आलं नाही. जुन्या बाटलीतली एक गोळी पाण्यात टाकली, रंगासाठी मिथिल ऑरेंज घातलं, ब्युरेटच्या आकडे कोरलेल्या नळीतून हायड्रोक्लोरिक आम्ल सोडू लागलो. पहिल्याच काही थेंबांत पिवळा रंग नारिंगीकडे झुकला आणि मग तसाच, कणाकणानं, लाल होत राहिला. थांबायचं कुठे, ते कळेना. डॉक्टरला एक जागा पटली, मला दुसरी. नव्या गोळीचंही तेच. जिथं दोन माणसांची एका थेंबावर नव्हे तर अर्ध्या ब्युरेटवर भांडणं होतात, त्या मोजणीला मोजणी म्हणत नाहीत.

"अवघड काही नाही म्हणत होतास," डॉक्टर म्हणाला.

चूक माझ्या हाताची नव्हती, पाण्याची होती. हे औषध फार दुबळं आम्लारी आहे. आम्लानं सोडलेला प्रोटॉन त्यानं पकडायचा असतो. पण पाण्यालाही प्रोटॉन हवाच असतो, आणि भांड्यात पाणी अमाप. आम्ल कितीही जोरदार घ्या, पाण्यात पडलं की त्याचा प्रोटॉन पाणीच घेऊन बसतं, आणि हे दुबळं औषध पाण्याकडून तो पुरता काढून घेऊ शकत नाही. थोडा घेतं, थोडा सोडतं. म्हणून रंगाची उडी पडत नाही. तो नुसता घसरत राहतो.

मी हे सांगितल्यावर डॉक्टरनं गार चहा एका घोटात संपवला. मग म्हणाला, "म्हणजे हौदावर म्हशी उभ्या आहेत. मेंढराला तोंड घालायला जागा नाही."

"तसंच."

"मग म्हशी हाका."

म्हशी हाकायची रीत मी नुकतीच एका परदेशी मासिकात वाचली होती. पाणी अजिबात वापरायचं नाही. त्याऐवजी ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड घ्यायचं, म्हणजे पाण्याचा अंश जवळजवळ नसलेलं. व्हिनेगरचा अर्कच तो. थंडीच्या दिवसांत आमच्या कपाटातली बाटली सकाळी बर्फासारखी गोठलेली असायची. हे द्रावक स्वतःच आम्ल असल्यानं त्याला प्रोटॉनची फारशी ओढ नाही. त्याच्यात परक्लोरिक आम्ल मिसळलं की द्रावकाकडे प्रोटॉन येतो, पण त्याला तो धरून ठेवायचा नसतो. दुबळ्यातलं दुबळं आम्लारीसुद्धा मग तो ओढून घेतं, आणि मोजणीचा शेवट लख्ख दिसतो. परक्लोरिकच का, तर ॲसिटिक ॲसिडात उतरल्यावर बाकीच्या जोरदार आम्लांचा जोर कमी पडतो, याचा तेवढा पडत नाही.

परक्लोरिक आमच्याकडे होतं, कारण मातीतला स्फुरद मोकळा करायला ते लागायचं. पण बाटलीतल्या परक्लोरिकमध्ये तिसऱ्या हिश्शाहून थोडं कमी पाणी असतं, आणि तेच पाणी आम्हाला नको होतं. ते मारायला ॲसिटिक अनहायड्राइड लागतं; ते पाणी खाऊन स्वतः ॲसिटिक ॲसिड होतं. ते मी औरंगाबादच्या एका ओळखीच्या प्राध्यापकाकडून मागवलं. रंगासाठी क्रिस्टल व्हायोलेट हवं होतं. ते कुठून आणावं याचा मी विचार करत होतो, तर डॉक्टर हसला. तोंड आलेल्या रोग्यांच्या जिभेला तो जे जांभळं औषध लावायचा, त्यात मुख्यतः हेच असतं.

अनहायड्राइड आलं त्या दिवशी मी द्रावण केलं. परक्लोरिक आणि अनहायड्राइड एकमेकांना थेट भेटू द्यायचं नसतं. भांड्यासकट माणूस उडतो. आधी भरपूर ॲसिटिक ॲसिडात परक्लोरिक थेंबथेंब सोडायचं, मग हलवत, गार ठेवत अनहायड्राइड. हे सगळं करताना प्रयोगशाळेतल्या बाकीच्यांना मी बाहेर पाठवलं होतं. दुसऱ्या दिवसापर्यंत द्रावण तसंच ठेवलं, पाण्याचा शेवटचा अंशही जावा म्हणून. मग त्याची ताकद थॅलेट नावाच्या मिठावर तपासली. हे मीठ पाण्यात आम्लासारखं वागतं; त्यावर आम्ही कॉस्टिक सोडा मोजायचो. इथं ॲसिटिक ॲसिडात तेच मीठ आम्लारी होऊन समोर आलं. मला त्याची तेव्हा गंमत वाटली होती. पुढच्या दोन महिन्यांत माणसांच्या बाबतीत तेच पाहिलं, आणि त्यात गंमत नव्हती.

डॉक्टर मोजणीला मुद्दाम आला. जुन्या बाटलीतली गोळी आधी घेतली. पूड करून कोमट ॲसिडात हलवली, जांभळा थेंब टाकला. ब्युरेटमध्ये चारच्या थोडं पुढे गेल्यावर एका थेंबासरशी जांभळ्याचा निळसर हिरवा झाला. गोळीवर लिहिलं होतं तेवढं औषध गोळीत होतं.

मग नवी गोळी. दीडसुद्धा झालं नव्हतं, आणि रंग फिरला. थोडा रेंगाळून फिरला, पण फिरला. दुसरी घेतली, तिसरी घेतली. तेच. नुसत्या ॲसिडाला किती लागतं तेही पाहून वजा केलं. बाटलीवर जेवढं लिहिलं होतं त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढंच औषध.

डॉक्टर उठून हात धुऊन आला. त्यानं कशालाही हात लावलेला नव्हता.

"पण याला सर्टिफिकेट आहे," तो म्हणाला. "मी ते पाहिलंय. शंभराला अठ्ठ्याण्णव."

"कशावरून काढलं होतं?"

"नत्रावरून."

नत्र काढणं हे तर माझं रोजचंच काम. मातीला लावतो ती रीत मी गोळीला लावली. या औषधातलं अर्धं नत्र रेणूतल्या कड्यात अडकलेलं असतं, ते सहजी सुटत नाही, म्हणून पारा घालून, गंधकाच्या तेजाबात बराच वेळ उकळत ठेवलं. आकडा आला आणि मी तो दोनदा ताडून पाहिला. नत्र पुरेपूर होतं.

म्हणजे कुणीतरी नत्र दुसऱ्या कुठल्या तरी स्वस्त वस्तूतून भरलं होतं, आणि ती वस्तू इतकी दुबळी होती की ॲसिटिक ॲसिडातसुद्धा तिला प्रोटॉन नीट धरता येत नव्हता. रंग रेंगाळला तो तिच्यामुळे. मला युरियाचा संशय आला. गोळीची पूड परीक्षानळीत वितळवली, अमोनियाचा वास आला. गार करून कॉस्टिक सोड्यात विरघळवली, मोरचुदाचा थेंब टाकला. गुलाबी-जांभळा रंग उमटला. युरियाची ती जुनी ओळख आहे. जुन्या गोळीला तो रंग आला नाही.

मी सगळं लिहून सही करून डॉक्टरला दिलं. त्यानं ते वर पाठवलं.

त्यानंतरच्या रविवारी मी सोनपेठला गेलो. ती बाई दवाखान्याच्या ओसरीत होती. मानेभोवती काळ्या कातडीचा पट्टा, जणू कुणी जळकी दोरी बांधली होती. ती भिंतीकडे तोंड करून सारखी कुणाला तरी हाकलत होती. नवरा शेजारी उकिडवा बसलेला. डॉक्टरनं स्वतःच्या खर्चानं हैदराबादच्या दुकानातून दुसऱ्या गोळ्या मागवल्या होत्या. त्या येऊन पडल्या होत्या. खोकं उघडलं तर त्याच कारखान्याच्या. मुंबईला लिहिलं होतं, तिकडून यायच्या होत्या.

"काळीज खाऊ घालायला सांगितलंय," डॉक्टर म्हणाला. "त्यात ते असतं."

नवऱ्यानं त्यासाठी एक मेंढरू कापलं होतं. "मला म्हनले काळीज दे," तो मला सांगू लागला. "दिलं. पोटात ठरंना झालंय. सगळं पान्यावानी जायलंय. गोळ्या तर रोज द्यायलो, साहेब. पैल्या दिसापून."

डॉक्टरनं माझ्याकडे बघितलं. वरून निकाल यायच्या आधी याला काही सांगू नकोस, असं त्यानं मला वाटेत बजावलं होतं. सांगितलं असतं तर साऱ्या तालुक्यानं गोळ्याच घेणं सोडलं असतं, मलेरियाच्यासुद्धा. त्याचं चूक नव्हतं. मी नवऱ्याला एवढंच म्हणालो की दुसऱ्या गोळ्या येणार आहेत.

वरून उत्तर यायला उशीर लागला, कारण वर म्हणजे कुठे, हेच ठरत नव्हतं. गोळ्यांचा करार जुन्या हैदराबाद राज्यात झालेला. माल आला तेव्हा आम्ही मुंबई राज्यात. हैदराबादेनं लिहिलं, जिल्हा आता आमचा नाही. मुंबईनं लिहिलं, करार आमचा नाही. शेवटी औरंगाबादेहून एक साहेब चौकशीला परभणीत आला. सोबत कारखान्याचा एजंट आणि त्यांचा केमिस्ट. चैत्र संपत आला होता. ऊन असं की प्रयोगशाळेतलं लोखंडी स्टँड हाताला चटका देई.

साहेबाचा स्वभाव वाईट नव्हता. त्यानं मला सगळं करून दाखवायला लावलं आणि शेवटपर्यंत उभा राहून बघितलं. रंग फिरला तेव्हा तो खाली वाकून ब्युरेटवरचा आकडा स्वतः वाचत होता.

मग एजंट बोलला. "साहेब, हे द्रावण उन्हात फुगतं. आमच्या केमिस्टनाच विचारा."

केमिस्ट माझ्याच वयाचा, शांत माणूस. तो म्हणाला, "फुगतं. ॲसिटिक ॲसिड पाण्याच्या कितीतरी पट फुगतं. एका अंशाला हजारात एक भाग धरा."

"बरोबर," मी म्हणालो. "म्हणूनच ताकद मी आज सकाळी, याच खोलीत, याच उन्हात तपासली. आणि समजा थंडीत तपासली असती, तरी काय झालं असतं? फुगलेलं द्रावण पातळ होतं. तेवढ्याच औषधाला जास्त लागतं. म्हणजे औषध आहे त्यापेक्षा जास्त दिसलं असतं, कमी नाही."

साहेबानं केमिस्टकडे पाहिलं. केमिस्टनं मान हलवली. "ते खरं आहे."

मला वाटलं, झालं.

साहेबानं करार उघडला. बराच वेळ वाचत राहिला. मग चष्मा काढून म्हणाला, "इथं लिहिलंय की नत्र काढून परीक्षा करावी. तुमच्याच हातानं काढलेलं नत्र किती आलं?"

"पुरेपूर. पण ते युरियाचं आहे. तेही मी—"

"मी विचारलं तेवढंच सांगा."

"पुरेपूर."

"मग कराराप्रमाणे माल योग्य आहे." तो माझ्यावर चिडला नव्हता. उलट समजावणीच्या सुरात बोलत होता. "तुमची रीत चांगली असेल. उद्या सरकारी ग्रंथात येईलही. पण आज ती करारात नाही. करारात नसलेल्या परीक्षेवर मी माल नाकारला तर कोर्टात उभा मी राहणार."

"आणि रोगी?" डॉक्टर म्हणाला.

"डॉक्टर, ही माणसं गोळ्या वेळेवर घेतात का? तुम्ही खात्रीनं सांगू शकता?"

डॉक्टरनं त्या नवऱ्याच्या फडक्यातल्या मोजलेल्या गोळ्यांचं सांगितलं. साहेब ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते अविश्वासाहूनही वाईट होतं. ती कीव होती, डॉक्टरच्या भोळेपणाची. जाताना त्यानं सरकारी औषध परवानगीशिवाय बाहेरच्या प्रयोगशाळेत दिल्याबद्दल डॉक्टरकडून लेखी खुलासा मागितला.

ते टांग्याची वाट बघत असताना केमिस्ट हात धुवायला परत आत आला. नळाला पाणी नव्हतं, मी बादलीतून ओतलं. त्यानं माझ्या ब्युरेटकडे बोट केलं.

"अनहायड्राइड कुठून मिळवलंत?"

मी सांगितलं.

"आमच्याकडे हे गेल्या वर्षीपासून करतात," तो म्हणाला. "कच्चा माल विकत घेताना. आम्हाला कुणी फसवू नये म्हणून."

"आणि विकताना?"

तो हात पुसत राहिला. "विकताना तुम्ही नत्र मागितलं होतं. आम्ही नत्र दिलं." मग जरा थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुमची मोजणी चोख आहे. मला इतक्या उन्हात जमली नसती." आणि गेला.

माझ्या उभ्या आयुष्यात माझ्या कामाची झालेली ती सगळ्यांत जाणती तारीफ. तिची चव अजून तोंडात आहे.

मुंबईच्या गोळ्या त्याच सुमारास आल्या. डॉक्टरनं त्यातली एक माझ्याकडे पाठवली, मी तपासली, खरी निघाली. पण तोवर नवरा बाईला घेऊन गेला होता. चाऱ्यासाठी कळप उत्तरेकडे निघाला होता आणि त्याला मागे थांबता येत नव्हतं. भावकीनं थांबू दिलं नाही. ती मंडळी देवगाव फाट्याच्या बाजूला उतरली आहेत असं कळलं, तेव्हा डॉक्टर खुलासे लिहीत होता, म्हणून मी गोळ्या घेऊन एसटीनं निघालो.

फाट्यावर उतरून विचारत विचारत गेलो. कळप खतासाठी एका नांगरटीत बसवला होता. नवरा मला लांबूनच ओळखून उठून आला. त्याच्या मागून दोन लेकरं आली. तिसरं एका म्हातारीच्या कडेवर होतं. बाई कुठे दिसेना, आणि मी विचारायच्या आधीच त्यानं सांगितलं.

"गेली. आमुशाच्या आदल्या दिशी. जुलाबानंच गेली. शेवटाला वळखलं बगा मला. नावानं हाक मारली."

मी गोळ्यांचं पाकीट हातात घेऊन उभा होतो. त्यानं ते पाहिलं.

"ह्या त्या दुसऱ्या?"

"हो."

आम्ही बाभळीखाली बसलो. त्यानं पाणी दिलं. मला वाटलं, निदान आता तरी याला खरं कळलं पाहिजे. भावकी त्यालाच दोष देत असणार. आणि ते तसंच होतं, तिच्या भावानं चारचौघांत म्हटलं होतं की दवाखान्यातल्या कंपाउंडरनं सांगितलंय, यानं औषध दिलं नाही. म्हणून मी सांगितलं. गोळीत औषध तिसराच हिस्सा होतं. बाकी भेसळ होती. तुमच्या हातून काही चुकलं नाही. तुम्ही रोज दिलं, पण दिलं त्यात पुरेसं औषधच नव्हतं.

तो ऐकत होता. हातातल्या काडीनं मातीवर रेघा ओढत होता.

"हे तुमाला कवा कळलं?"

मी खरं ते सांगितलं. सोनपेठला भेटलो त्याच्या आधी.

"म्हंजी मी तितं बसलो व्हतो, काळजाचं सांगायलो व्हतो, तवा ठावं व्हतं तुमाला."

"हो."

"मंग कुनाला सांगितलं?"

"वरती कळवलं. साहेब येऊन गेला."

"काय म्हनला?"

"माल कराराप्रमाणे बरोबर आहे म्हणाला."

त्यानं मान हलवली, जशी माणसं बाजारात न पटलेला भाव ऐकून हलवतात. मग म्हणाला, "मला आता सांगायलाव. मी काय करू ह्याचं? तिच्या भावाला सांगू? त्यो म्हनल, मंग दवाखान्यात नेलंसच कशाला." काडी टाकून तो उठला. "नेली मीच. देवऋष्याकडं न्या म्हनत व्हते समदे. मी म्हनलो, न्हाई, दवाखाना. मीच म्हनलो."

पाकीट त्याला द्यावं का, हे मला समजेना. धाकट्या पोरीच्या मानेकडे माझं लक्ष गेलं. कातडी नुकतीच कुठे गडद व्हायला लागली होती, उन्हानंही असेल. मी पाकीट पुढे केलं आणि म्हणालो, या खऱ्या आहेत, मी स्वतः तपासल्यात, हिला रोज द्या.

त्यानं हात पुढे केला नाही. "तवाबी असंच म्हनले व्हते, साहेब," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "तवाच्या गोळ्यालाबी शिक्का व्हता."

म्हातारीनं ते पाकीट घेतलं. तिनं दिल्या की नाही, मला माहीत नाही. पोरीचं पुढे काय झालं, तेही कळलं नाही. पावसाळ्यात डॉक्टरची बदली दूरच्या जिल्ह्यात झाली. खुलासा समाधानकारक वाटला नाही, असं कारण त्याला तोंडी सांगण्यात आलं. मातीसाठी आणलेलं परक्लोरिक मातीखेरीज कशाला वापरू नये, असं मला आमच्या वरिष्ठांनी सांगितलं. नव्या गोळ्यांचं ते खोकं तालुक्यात पुरतं वाटून संपलं. पुढच्या करारात परीक्षेची रीत बदलली, ॲसिटिक ॲसिड आणि परक्लोरिकची रीत त्यात आली, आणि ती सुचवल्याबद्दल त्या औरंगाबादच्या साहेबाची बढतीसाठी शिफारस झाली. त्यानं एका समारंभात मला ओळखलं. जवळ येऊन हात हातात घेतला आणि शेजारच्या माणसाला म्हणाला, "हे आमचे परभणीचे. फार बारीक काम यांचं." मी हात सोडवून घेतला नाही. आजूबाजूला माणसं होती.